‘८८ टक्के एआय’ आले कुठून? खुलासा देण्याआधी फाईल मागा

मुलुंड : शहापूर-मुरबाडकडची कितीतरी मुलं रोज आसनगाव, टिटवाळा, कल्याणची लोकल पकडून मुलुंडच्या कॉलेजांत येतात. त्यांच्या घरी आता एक नवीन प्रकारचं पत्र पोचू शकतं. पत्रात तीन ओळी असतात. तुमच्या प्रोजेक्टमधला इतका टक्के मजकूर एआयने लिहिलेला आढळला, सात दिवसांत खुलासा करा, अन्यथा कारवाई होईल. टक्का कोणत्या यंत्राने काढला, कधी काढला, कोणत्या फाईलवर काढला, यातलं काहीच पत्रात नसतं. मुलं घाबरतात, आईबाप हात जोडायला कॉलेजात जातात आणि बऱ्याचदा माफीनामा लिहून मोकळे होतात. चूक तिथेच होते.

या विषयावर देशात गाजलेलं प्रकरण हरियाणातलं आहे. सोनीपतच्या ओ. पी. जिंदाल विद्यापीठात एलएलएम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मे २०२४ मध्ये परीक्षा दिली. जूनमध्ये विद्यापीठाच्या गैरप्रकार समितीने उत्तरातला ८८ टक्के मजकूर एआयचा असल्याचं ठरवून त्याला नापास केलं, आणि परीक्षा नियंत्रकांनीही तो निर्णय कायम ठेवला. विद्यार्थी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. आपण लिहिलं ते आपलंच आहे, एआय वापरू नये असा नियम दाखवा आणि आरोपाचा पुरावा दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाला नोटीस काढली. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवलं आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे ८८ हा आकडा बरोबर होता की चूक, हे न्यायालयाने ठरवलंच नाही. आकड्यामागचा कागद मागितल्यावर प्रकरणाचा रंग बदलला, एवढं मात्र दिसलं.

खरं तर यातलं तत्त्व जुनंच आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने तीन मुलांवर गैरप्रकाराचा ठपका ठेवून निकाल रद्द केला होता. म्हणणं मांडायची संधी न देता असं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात सांगितलं. आणि आरोपाचा आधारच दाखवला नाही तर म्हणणं मांडणार कशावर?

आता मागायचं काय, ते बघू. पहिली वस्तू म्हणजे डिटेक्टरचा पूर्ण अहवाल. पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट चालत नाही. अहवालावर यंत्राचं नाव, तपासणीची तारीख-वेळ, फाईलचं नाव, शब्दसंख्या आणि रंगवलेली वाक्यं दिसायला हवीत. तारीख महत्त्वाची, कारण कंपन्या यंत्र अधूनमधून बदलतात आणि तोच मजकूर पुन्हा टाकला तर आकडा वेगळा येऊ शकतो. शब्दसंख्या तर त्याहून महत्त्वाची. समजा, प्रोजेक्ट ३,१०० शब्दांचा आहे आणि टर्निटिनच्या अहवालात ६२ टक्के लिहून आलंय. हे यंत्र यादी, तक्ते, तुटक मुद्दे सोडून फक्त सलग गद्य मोजतं. मोजलेला मजकूर १,७४० शब्दांचा असेल तर ६२ टक्के म्हणजे १,०७९ शब्द, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टचे ३५ टक्के. पत्रात मात्र ‘६२ टक्के प्रोजेक्ट एआयचा’ असंच येणार. शब्दसंख्या अजिबात जुळत नसेल तर भलतीच फाईल किंवा अर्धाच मजकूर तपासला गेला असण्याची शक्यता असते.

अजून एक घोळ नेहमीचा. साम्य दाखवणारा अहवाल वेगळा आणि एआयचा अहवाल वेगळा. पहिल्यात मजकूर कुठून जुळला ते मूळ पान दिसतं. दुसऱ्यात मूळ काहीच नसतं, फक्त यंत्राचा अंदाज असतो. म्हणूनच केवळ या आकड्यावर कारवाई करू नये, असं टर्निटिन स्वतःच सांगते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा खोटा शिक्का बसला. मराठी माध्यमातून आलेलं पोर साधं, पाठ केल्यासारखं इंग्रजी लिहितं, तेव्हा यंत्राला ते मशीनचं वाटू शकतं.

दुसरी वस्तू म्हणजे नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात. फाईल पोर्टलवर कधी चढली, किती वेळा, तपासणीला कोणी आणि कधी टाकली. तिसरी वस्तू समितीची फाईल : शिक्षकांची टिपणी, बैठकीचं इतिवृत्त, आणि कोणत्या नियमाखाली कारवाई झाली त्याची प्रत. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य नियमांचा हवाला दिला असेल तर जपून वाचा. त्या नियमांतून असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत.

मागण्याचे मार्ग दोन, आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू करावेत. पहिला, प्राचार्यांना साधा अर्ज : वरील कागद द्या, ते मिळेपर्यंत खुलाशाची मुदत वाढवा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारखेची पोच घ्या. तोंडी बोलणं कुठेच राहत नाही.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘माझ्यावर कारवाई का केली’ असं विचारू नका, कारण या कायद्यात कारण नव्हे, कागद मिळतो. ‘अमुक तारखेच्या पत्रात नमूद टक्केवारीचा संपूर्ण अहवाल, सबमिशनच्या नोंदी, समितीचे इतिवृत्त व लागू नियम यांच्या साक्षांकित प्रती, आणि मूळ अभिलेखाची पाहणी’ एवढं पुरतं. पाहणी आवर्जून मागा, लॉग स्क्रीनवरच नीट कळतात. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ने पहिलं अपील.

परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय खटल्यात ठरवलंय. त्याच खटल्यात परीक्षकाचं नाव झाकायला मुभा आहे, तेव्हा नावावरून भांडत बसू नये. सरकारी अनुदानावर मुख्यत्वे चालणारी कॉलेजं या कायद्याखाली येतात, हे २०१९ च्या डीएव्ही निकालाने स्पष्ट केलं. कॉलेज पूर्ण विनाअनुदानित असेल तर मामला अवघड. तेव्हा संलग्न असलेल्या मुंबई विद्यापीठाकडे अर्ज करायचा, पण विद्यापीठ कायद्याने जे कागद मागवू शकतं तेवढेच मिळतात.

३० दिवस आणि सात दिवस यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. म्हणून कॉलेजने मुदत वाढवली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या निर्णयावर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं.

कधीकधी उत्तर येतं, ‘अहवाल उपलब्ध नाही’. शिक्षकांनी मजकूर एखाद्या फुकटच्या वेबसाइटवर चिकटवून आकडा बघितला असेल तर असंच होणार. हे उत्तर जपून ठेवा, समितीसमोर ते कॉलेजच्या विरोधात बोलतं. उलटही घडू शकतं. फाईलमध्ये अस्तित्वातच नसलेल्या संदर्भग्रंथांची यादी निघाली, तर डिटेक्टर चुकतो हा युक्तिवाद टिकणार नाही. मुलाने प्रोजेक्ट गुगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर त्याची `Version history` आधी घरी बसून बघावी. त्यात कोणत्या दिवशी काय लिहिलं ते दिसतं, आणि एका मिनिटात दोन हजार शब्द आले असतील तर तेही दिसतं.