आगीवर पाणी टाकलं आणि आग वाढली! मॅग्नेशियम पेटल्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साईड दोन्ही का हरतात?

मुंबई-गोवा हायवेनं हातखंबा सोडलं की पुढं पाली लागतं. इथून एक रस्ता लांज्याकडं गोव्याला जातो, दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला. हा दुसरा रस्ता म्हणजेच रत्नागिरी-नागपूर महामार्ग. कोकणातल्या एमआयडीसींचा, बंदरांचा माल या भागातून जातो, त्यामुळं टँकर आणि कंटेनर पालीकरांना नवीन नाहीत.

यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागं आणि बाजूला एक चौकोनी पाटी असते. त्यावर केमिकलचं नाव, चार आकडी नंबर, फोन नंबर आणि एका कोपऱ्यात 2Y, 3YE, 4W असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही, कारण ते आपल्यासाठी नाही असं आपल्याला वाटतं. पण त्यातला पहिला आकडा 4 असेल, तर त्याचा अर्थ एकच आहे. ही गाडी पेटली तर पाणी मारायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आग आहे आणि पाणी मारायचं नाही? मग करायचं काय? तेच समजून घेऊ.

आधी उमरेडला काय झालं होतं ते बघू

११ एप्रिल २०२५ ची संध्याकाळ. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड एमआयडीसीत एमएमपी या अ‍ॅल्युमिनियम पावडर बनवणाऱ्या कंपनीत स्फोट झाला आणि आग लागली. किमान पाच कामगारांचा जीव गेला.

बातमी वाचून अनेकांना पडलेला प्रश्न साधा होता. अ‍ॅल्युमिनियम पेटतं कसं? आपल्या घरात पातेली अ‍ॅल्युमिनियमची, रोज गॅसवर चढतात, ती तर कधी पेटत नाहीत.

फरक धातूत नाही, आकारात आहे. एक सेंटीमीटरचा घनाकृती तुकडा घ्या. त्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. आता त्याचे दहा मायक्रॉनचे कण करा. धातू तेवढाच आहे, पण पृष्ठभाग झाला सहा हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे हजार पट. पातेल्याला आच लागली की उष्णता सगळ्या धातूत पसरते, आणि वर ऑक्साईडचा पातळ थर असतो तो आतल्या धातूला जपतो. बारीक कणाला मात्र उष्णता पसरवायला जागाच नसते. तो क्षणात तापतो आणि पेटतो. हीच पावडर हवेत उडालेली असेल तर सगळे कण जवळपास एकदमच पेटतात, त्याला आपण स्फोट म्हणतो.

मॅग्नेशियमचंही तसंच. गाडीचा मॅग्नेशियम मिश्रधातूचा अख्खा भाग सहज पेटत नाही, पण लेथवर निघालेला त्याचा कीस पटकन पेटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत चिमट्यात धरून पेटवलेली ती फीत आठवते का? ती पातळ असते म्हणूनच एवढ्या लवकर पेटते.

पाणी आग विझवतं, मग इथं काय बिघडतं?

लाकूड, कागद, कापड पेटलं की पाणी दोन कामं करतं. जळणारी वस्तू थंड करतं आणि वाफ होऊन हवा दूर लोटतं. या दोन्हीमागं एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते, की पाणी स्वतः जळणाऱ्या वस्तूशी भांडणार नाही. कारण पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यात अजून जळायला काही उरलेलं नाही.

मॅग्नेशियमसमोर हे गणित मोडतं. ऑक्सिजनला धरून ठेवायची मॅग्नेशियमची ताकद हायड्रोजनपेक्षा खूप जास्त आहे. त्यामुळं तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन सरळ हिसकावून घेतं:

Mg + H₂O → MgO + H₂

म्हणजे आपण पाणी टाकतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण आगीला ऑक्सिजन पुरवतोय. वर हायड्रोजन मोकळा होतो, जो स्वतः भडकून पेटणारा वायू आहे.

हिशोब करून बघा. एक किलो मॅग्नेशियम पूर्ण जाळायला पाऊण लिटर पाणी पुरतं. त्यातून सुमारे ८० ग्रॅम हायड्रोजन निघतो. ८० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण हायड्रोजन इतका हलका आहे की नेहमीच्या तापमानाला तो साधारण एक हजार लिटर जागा व्यापतो. पाण्याच्या मोठ्या टाकीएवढा ज्वलनशील वायू, एका किलोतून.

दुसरा धोका वाफेचा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर होते. मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळं आगीच्या तळाशी वितळलेला धातू असतो. त्याच्यात पाणी शिरलं की त्याची तिथल्या तिथं वाफ होते आणि जळता धातू चहूकडं उडतो. एका जागची आग दहा जागी लागते, आणि जवळ उभा असलेला माणूस भाजतो.

बरं, मग कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर?

ऑफिसमध्ये सर्व्हर रूमजवळ भोंग्यासारखं तोंड असलेला एक लाल सिलिंडर असतो, तो कार्बन डायऑक्साईडचा. त्याचं काम ऑक्सिजन बाजूला सारून आग गुदमरवणं. मेणबत्ती विझते, पेट्रोल विझतं. मॅग्नेशियम विझत नाही, कारण कार्बन डायऑक्साईडमध्येही ऑक्सिजन आहेच, आणि मॅग्नेशियम तोही काढून घेतं:

2Mg + CO₂ → 2MgO + C

कोरड्या बर्फाच्या, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साईडच्या ठोकळ्यात खड्डा करून त्यात पेटतं मॅग्नेशियम ठेवलं आणि वर दुसरा ठोकळा झाकला, तरी ते आत जळत राहतं. अख्खा ठोकळा दिव्यासारखा उजळतो. नंतर उघडून बघितलं तर पांढऱ्या राखेत काळे डाग दिसतात. तो काळा भाग म्हणजे कार्बन. धातूनं ऑक्सिजन ओढून घेतला याचा पुरावा.

हवेत जळताना मॅग्नेशियममधून जेवढी उष्णता निघते ती शंभर धरली, तर कार्बन डायऑक्साईडमध्ये जळताना साधारण ६७ निघते आणि पाण्याच्या वाफेत ६० च्या आसपास. आग थोडी मंदावते इतकंच, जळत राहायला एवढी उष्णता भरपूर आहे. बाजारात मिळणारा साडेचार किलोचा सिलिंडर पूर्ण रिकामा केला, तर त्यातला वायू हिशोबानं पाच किलो मॅग्नेशियम जाळायला पुरेल. शिवाय सिलिंडरचा झोत एवढ्या जोरात येतो की पेटती पावडर उडून हवेत मिसळते.

नायट्रोजन तरी? तोही नाही. मॅग्नेशियम नायट्रोजनशी जुळून नायट्राईड तयार करतं, आणि त्या राखेवर नंतर पाणी पडलं तर अमोनिया सुटतो.

दुकानातला एबीसी सिलिंडर चालतो का?

दुकानात, सोसायटीत, गाडीत असतो तो बहुतेक वेळा एबीसी पावडरचा. ए म्हणजे लाकूड-कागद, बी म्हणजे तेल-पेट्रोल, सी म्हणजे गॅस. धातूच्या आगीचा वर्ग आहे डी, आणि ते अक्षर या सिलिंडरवर नसतं. लेबलवर डी नसेल तर तो सिलिंडर धातूच्या आगीसाठी नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

डी वर्गाच्या पावडरीतली एक नेहमीची पावडर ओळखीची निघते. ती मुख्यतः मीठ आहे, आपलं सोडियम क्लोराईड, पूर्ण कोरडं आणि गुठळी होऊ नये म्हणून प्रक्रिया केलेलं. मिठातला सोडियम क्लोरीनला घट्ट धरून असतो आणि त्यात ऑक्सिजन नाहीच, त्यामुळं मॅग्नेशियमला हिसकावायला काही मिळत नाही. मीठ ८०१ अंशाला वितळतं, आगीवर त्याची साय धरते आणि हवा तुटते. ग्रॅफाईटची पावडर उष्णता ओढून घेते. लिथियम धातूसाठी तांब्याची पावडर वापरतात.

ती मारायची पद्धतही वेगळी. झोत मारायचा नाही, लांब दांड्याच्या फावड्यानं किंवा मऊ फवारणीनं हळू पसरायची आणि जाड थर द्यायचा. कुठं थर फुटून उजेड दिसला की तिथं पुन्हा टाकायची. मग हात लावायचा नाही, ढवळायचं नाही. आतला धातू तासन् तास गरम राहतो, आणि थर लवकर काढला तर पुन्हा पेटतो.

वाळू? पूर्ण कोरडी असेल तर छोट्या आगीवर काही वेळा चालवून घेतात. पण कोकणात पावसाळ्यात बादलीतली वाळू कोरडी राहणं अवघड, आणि ओल्या वाळूतलं पाणी म्हणजे परत तोच हायड्रोजन. शिवाय खूप तापलेलं मॅग्नेशियम वाळूतल्या सिलिकातूनही ऑक्सिजन काढतं.

आग मोठी असेल तर अग्निशमन दलाकडंही मर्यादित पर्याय उरतात. जवळचा माल हलवायचा, शेजारच्या इमारतींना पाण्यानं थंड ठेवायचं, पण ते पाणी धातूपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, आणि धातू जळून संपेपर्यंत थांबायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं हे लोक काहीच करत नाहीत. व्हिडिओखाली तशा कमेंटही येतात.

इलेक्ट्रिक स्कूटर पेटली तर?

हा घोळ खूप होतो. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम असतं, पण धातूच्या तुकड्यासारखं नाही, संयुगांच्या रूपात. तिथं मुख्य प्रश्न एका सेलची उष्णता दुसऱ्या सेलला पेटवते हा असतो, त्यामुळं भरपूर पाण्यानं थंड करणं हेच अग्निशमन दल करतं. ही डी वर्गाची आग समजू नका.

ओळखायचं कसं आणि करायचं काय?

मॅग्नेशियमची आग डोळे दिपवणारी पांढरीशुभ्र असते, वेल्डिंगसारखी, आणि दाट पांढरा धूर निघतो. तिच्याकडं एकटक बघू नका. पाण्याचे शिंतोडे पडताच आग मंदावायच्या ऐवजी फटाक्यासारखी तडतडली, तर पाणी तिथंच थांबवा.

आणि हायवेवर गाडी पेटलेली दिसली, तर लांबूनच पाटी वाचायचा प्रयत्न करा. पहिला आकडा 1 किंवा 2 म्हणजे पाण्याचा फवारा, 3 म्हणजे फोम, 4 म्हणजे कोरडा पदार्थ. शेवटी E असेल तर परिसर रिकामा करायचा विचार करावा लागतो. UN 1418 म्हणजे मॅग्नेशियम पावडर, UN 1428 म्हणजे सोडियम. वाचायला जवळ जाऊ नका. मोबाईलचा कॅमेरा झूम करून दिसलं तर तो आकडा 112 किंवा 101 वर सांगा. पाण्याचा बंब पाठवायचा की कोरडी पावडर मागवायची, हे ते त्या आकड्यावरून ठरवू शकतात.