रोमिंगचं बटण कोणाच्या भाषेत?

आमच्या जामखेडच्या माणसाला 'रोमिंग' हा शब्द मुंबईने शिकवला. जामखेडहून एसटीत बसून पाटोद्याला जा, नाहीतर भूमला जा, तासाभरात जिल्हा बदलतो, पण मोबाइलला त्याचं काहीच वाटत नाही. कारण मोबाइलचे जिल्हे वेगळे असतात, त्यांना सर्कल म्हणतात. गोव्यासकट बाकी सगळा महाराष्ट्र एका सर्कलमध्ये आणि मुंबई मात्र स्वतंत्र. म्हणून पूर्वी कल्याणच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी वरच्या कोपऱ्यात R उमटायचा आणि गाडीतले निम्मे लोक फोन बंद करून खिशात टाकायचे. २०१५ मध्ये ट्रायने रोमिंगचे दर उतरवले, पुढच्या दोन वर्षांत कंपन्यांनी देशातल्या रोमिंगचा वेगळा हिशोब जवळजवळ गुंडाळलाच. त्यामुळे आज आपल्या हॉस्टेलवर रोमिंग म्हणजे काय हे फक्त परीक्षेपुरतं माहीत असतं.

पण आपल्यातले दरवर्षी काहीजण एम.एस.ला जर्मनीला जातात, आणि तिथे तो R पुन्हा भेटतो. माझा मावसभाऊ सध्या कॉन्स्टान्झला शिकतो. जाताना सीनियर्सनी त्याला एक वहीच दिली होती, जर्मन शब्द आणि त्यांचे अर्थ. मी ई अँड टीसीचा, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री त्याचा स्क्रीनशॉट मला आला : "हे तुझ्या डिपार्टमेंटचं आहे, बघ." मोबाइल कंपनीचं ॲप फक्त जर्मनमध्ये. फोनची भाषा मराठी केली तरी ॲप जर्मनच राहतं, कारण ॲप बनवणाऱ्यांनी दुसरी भाषा भरलेलीच नाही. (विद्यार्थ्यांनी भरलेल्या गावात धंदा करायचा आणि इंग्रजीसुद्धा द्यायचं नाही, हा हिशोब मला समजत नाही.)

माझं मत सरळ आहे. परक्या भाषेतल्या ॲपसाठी शब्दांची वही पुरत नाही. शब्दाचा अर्थ कळूनही माणूस चुकीचं बटण दाबू शकतो, आणि ते का, हे त्या स्क्रीनशॉटमध्येच होतं.

स्क्रीनवर एक गोल होता आणि त्यात `3,25 GB`. तिकडे स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश बिंदू, आणि टिंब हजारासाठी. तेव्हा हे सव्वातीन जीबी. उलट `1.024 MB` दिसलं तर ते एक एमबी आणि काही नाही, एक हजार चोवीस एमबी आहे. आता हे सव्वातीन वापरलेले की उरलेले? `verbraucht` म्हणजे वापरलेले आणि `verbleibend` म्हणजे उरलेले. दोन्ही शब्द 'फेर' पासून सुरू होतात आणि छोट्या स्क्रीनवर अर्धेच दिसतात. इथे वही बाजूला ठेवावी आणि लॅबमध्ये मीटरची टोकं तपासतो तसं करावं. वायफाय बंद करून एखादा छोटा व्हिडिओ बघावा आणि आकडा कुठे सरकतो ते पाहावं. कमी झाला तर शिल्लक, वाढला तर खर्च. भाऊ म्हणाला, काहीच सरकलं नाही. त्याचंही कारण तिथेच खाली बारीक अक्षरात होतं : `Stand: 18:40 Uhr`. म्हणजे हा आकडा संध्याकाळी सहा चाळीसचा आहे. नंतरचा खर्च त्यात धरलेलाच नाही. या ओळीकडे कोणी बघत नाही, पण माझ्या मते अख्ख्या स्क्रीनवर तीच ओळ सर्वांत महत्त्वाची. दहा मिनिटांनी ॲप पुन्हा उघडलं तेव्हा वेळ बदलली आणि आकडा खाली आला. म्हणजे सव्वातीन उरलेले.

आता खरं दुखणं. सेटिंग्जमध्ये एक बटण होतं, नाव `Datenroaming-Sperre`. `Sperre` म्हणजे अडसर, बंदी. हे बटण चालू केलं की रोमिंग बंद होतं! आणि आपल्या फोनमधलं 'डेटा रोमिंग' हे बटण चालू केलं की रोमिंग चालू होतं. घाईत माणूस 'रोमिंग' एवढंच वाचतो आणि 'आपल्याला नको' म्हणून बटण बंद करतो. झालं, अडसर निघाला. शब्द वहीत होता, अर्थ बरोबर होता, तरी दार उघडं.

या दोन बटणांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. फोनमधलं बटण कसं चालतं? प्रत्येक देशाला तीन आकड्यांचा कोड असतो. भारताला ४०४ आणि ४०५, जर्मनीला २६२, स्वित्झर्लंडला २२८, ऑस्ट्रियाला २३२. हा कोड सिममध्ये असतो आणि टॉवरही आपला कोड सतत सांगत असतो. दोन्ही जुळले नाहीत की फोन म्हणतो, परका टॉवर. बटण बंद असेल तर तो डेटा मागतच नाही. हे बटण तुमच्या भाषेत आहे, कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नाही आणि लगेच लागू होतं. पण ते आंधळं आहे. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगला जादा पैसे नाहीत, घरच्याच दराने चालतं. ऑस्ट्रिया युनियनमध्ये आहे, स्वित्झर्लंड नाही. फोनला हे राजकारण माहीत नाही, त्याला २२८ आणि २३२ दोन्ही सारखेच परके. हा भेद ॲपला माहीत असतो. तिथे `EU-Ausland` आणि `Weltweit` असे वेगळे कप्पे दिसतात. काही कंपन्या स्वित्झर्लंडला युनियनच्याच कप्प्यात बसवतात, काही नाही, तेव्हा यादी उघडून `Schweiz` कुठे आहे ते बघायलाच हवं. भावाच्या प्लॅनमध्ये ते `Weltweit` खाली होतं.

म्हणजे एक बटण आपलं पण आंधळं, दुसरं डोळस पण परक्या भाषेतलं आणि उलट्या नावाचं. मी म्हणतो, रोजचा भरवसा आपल्या भाषेतल्या आंधळ्यावर ठेवा. डोळसाला फक्त निघण्यापूर्वी, खोलीतल्या वायफायवर बसून, एकदा विचारून घ्या.

भावाचा बेत ब्रेगेंत्सला जायचा होता. ते ऑस्ट्रियात, पण तळ्याच्या दक्षिण काठाने रेल्वेने जायचं तर वाटेत पूर्ण स्वित्झर्लंड. कॉन्स्टान्झ सोडलं की लगेच क्रॉइट्सलिंगेन, मग रोमान्सहोर्न, रॉरशाख, सांक्ट मार्ग्रेथेन, आणि तिथून ऱ्हाईन नदी ओलांडली की ऑस्ट्रिया. एका सकाळीत तीन देश. कॉन्स्टान्झ आणि क्रॉइट्सलिंगेन ही तर एकमेकांना चिकटलेली गावं, मधे फक्त हद्द. तिकडच्या टॉवरला ती हद्द दिसत नाही, त्यामुळे जर्मनीतल्या खोलीत बसूनही फोन कधीकधी स्विस नेटवर्क पकडतो.

आम्ही असं ठरवलं. तिकीट आणि नकाशा वायफायवर उतरवून घ्यायचे. स्टेशनवरच फोनमधलं डेटा रोमिंग बंद. वाटेत ॲप उघडायचंच नाही, कारण ते उघडायलाही डेटाच लागतो. आणि नदी ओलांडल्यावर स्टेशनचं नाव बघून बटण चालू करायचं नाही, तर फोनवर नेटवर्कचं नाव बदललेलं आणि ऑस्ट्रियाचा स्वागताचा मेसेज आलेला बघूनच करायचं. हे शेवटचं फार कामी आलं. नदीच्या पलीकडे गाडी आली तरी फोन बराच वेळ स्विस टॉवरलाच धरून होता. नाव बदलल्यावर त्याने बटण चालू केलं आणि ब्रेगेंत्सच्या काठावरून जामखेडला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशीला तळं दाखवलं, तिने "जेवलास का?" विचारलं. वीसेक मिनिटं बोलणं झालं. संध्याकाळी खोलीत परतल्यावर `Stand` ची वेळ बघून आकडा वाचला, तर सुमारे शंभर एमबी गेले होते आणि `Weltweit` च्या कप्प्यात शून्य.

युनियनमध्ये तरी सगळा डेटा वापरता येतो का? नेहमीच नाही. स्वस्तात भरपूर डेटा देणाऱ्या प्लॅनना बाहेरच्या देशासाठी मर्यादा घालायची मुभा आहे आणि तिचं सूत्र ठरलेलं आहे. प्लॅनची करमुक्त किंमत भागिले एका जीबीचा ठोक दर, गुणिले दोन. ठोक दराची कमाल मर्यादा २०२६ साठी १.१० युरो आहे. दहा युरोच्या प्लॅनमधून १९ टक्के कर वजा केला की ८.४० उरतात, भागून ७.६४, दुप्पट केले की १५ जीबीच्या थोडं वर. म्हणजे प्लॅन २० जीबीचा असला तरी कंपनी ऑस्ट्रियात साधारण १५ वर थांबवू शकते. हा आकडा ॲपमध्ये मोठ्या गोलात नसतो, प्लॅनच्या तपशिलात असतो.

आणि चुकून डेटा चालू राहिलाच तर? युरोपियन नियमानुसार जर्मन सिमला महिन्याला ५० युरो अधिक कर ही मर्यादा आपोआप असते. म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास, आपल्या मेसचं दीड-दोन महिन्यांचं बिल. ऐंशी टक्क्यांना इशारा येतो, पन्नासला डेटा तुटतो. युनियनबाहेरही ही मर्यादा लागू आहे, मात्र तिथलं नेटवर्क खर्चाची माहिती लगेच पाठवत नसेल तर ती चालत नाही. पण खरी गंमत त्या मेसेजमध्ये आहे. 'पुढे चालू ठेवायचं का' असा प्रश्न जर्मनमध्ये येतो आणि खाली `Weiter` किंवा `Bestätigen`. परक्या भाषेतला चौकोन दिसला की आपण तो घालवायला मोठं रंगीत बटण दाबतो, अटी न वाचता 'ओके' करायची सवय आपल्याला पहिल्या वर्षापासून आहे. इथे ते दाबणं म्हणजे आपणहून मर्यादा उठवणं. काहीच न दाबणं हेच उत्तर, कारण उत्तर दिलं नाही तर डेटा बंदच राहतो. दाबायचंच असेल तर `Abbrechen`, म्हणजे रद्द.

एक गोष्ट मात्र कोणतंच डेटाचं बटण अडवत नाही, ती म्हणजे साधा कॉल. डेटा रोमिंग बंद असलं तरी स्विस टॉवरवर आलेला फोन उचलला की पैसे पडू शकतात. म्हणून कॉन्स्टान्झसारख्या गावात राहणाऱ्याने खोलीत असताना नेटवर्कची निवड 'स्वयंचलित' वरून काढून आपल्या कंपनीचं जर्मन नेटवर्क हाताने निवडावं. मग फोन पलीकडे जातच नाही. त्याची किंमत एवढीच, की जर्मन सिग्नल कमजोर असलेल्या कोपऱ्यात फोन मुका होतो. भावाच्या खोलीत तो कोपरा नेमका पलंगाजवळ आहे, तेव्हा मावशीचा फोन आला की तो उठून खिडकीशी जातो.

— अंतिम वर्ष, ई अँड टीसी