चांदण्याच्या फोटोखाली चार शब्द

आपल्या वार्षिकांकात छायाचित्रांची काही पाने असतात. त्यांत एक तरी फोटो चांदण्या रात्रीचा असतो आणि त्याखाली काय लिहावे यावर संपादक मंडळात हमखास वाद होतो. वर्तमानपत्रवाले या मजकुराला फोटोओळ म्हणतात. निवडणुकीच्या सभेचा किंवा पुराचा फोटो असला की फोटोओळ लिहिणे सोपे असते. कोण, कुठे, केव्हा एवढे सांगितले की काम झाले. चंद्र आला की मात्र भल्याभल्यांची लेखणी सुटते. शांत, थोडक्यात आणि मनात रेंगाळेल अशी ओळ हवी, असे सगळेच म्हणतात. लिहायला बसल्यावर मात्र रुपेरी, मंतरलेली, न्हाऊन निघालेली अशी विशेषणे रांगेने येतात आणि शांतता पहिल्याच शब्दाला पळून जाते.

माझे मत असे आहे की अशी ओळ शांत होते ती तिच्यातल्या खरेपणामुळे. ‘शांत’ हा शब्द घातल्याने ती शांत होत नाही. आणि खरे लिहायचे तर फोटोत काय आले आहे आणि काय येऊच शकले नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्याचा भर उजेड पडलेला असतो. म्हणून चंद्रावरचे डाग फोटोत हवे असतील तर कॅमेऱ्यात जवळजवळ दिवसाच्या फोटोइतकाच थोडा वेळ प्रकाश घ्यावा लागतो. पण त्याच चंद्राचे जे चांदणे आपल्या रानात, अंगणात पडते, ते उन्हाच्या सुमारे चार लाखांश असते. हे दोन्ही उजेड एका फोटोत मावत नाहीत. चंद्र नीट आला तर खालचे रान काळे होते. रान दिसावे म्हणून जास्त वेळ प्रकाश घेतला तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो. मोबाइलवरही तेच. शिवाय क्षितिजावर परातीएवढा वाटणारा चंद्र आकाशात खरे तर अर्धा अंशच रुंद असतो. मोबाइलच्या साध्या फोटोत असे शंभराहून अधिक चंद्र एका ओळीत बसतील. म्हणून घरी येऊन पाहिले की आपण पाहिलेला चंद्र कुठे गेला, असे वाटते.

याला एक पळवाट आहे आणि जाणकार छायाचित्रकार तीच वापरतात. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास चंद्र उगवतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आकाशात संधिप्रकाश असतो. तेवढ्या वेळात जमिनीवरचा उजेड आणि चंद्राचा उजेड यांचा थोडाफार मेळ बसतो आणि दोन्ही एका फोटोत येतात. म्हणजे आपण ज्याला चांदण्या रात्रीचा सुंदर फोटो म्हणतो, तो बहुतेक वेळा संध्याकाळचा असतो. आणि आपण त्याखाली लिहितो ‘मध्यरात्र’!

हे जगात सर्वांत प्रसिद्ध असलेल्या एका फोटोच्या बाबतीतही खरे आहे. अमेरिकेचे छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ या खेड्यापाशी गाडी थांबवून तो काढला. समोर कब्रस्तानातल्या क्रुसांवर मावळतीचे ऊन होते आणि मागे डोंगरांवर चंद्र आला होता. घाईत त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्र किती उजळ असतो याचा आकडा त्यांच्या डोक्यात होता, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला आणि फोटो घेतला. दुसरा घेण्याची तयारी करेपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. पुढे फोटो छापताना ते आकाश अधिकाधिक काळे करत गेले, त्यामुळे पाहणाऱ्याला ती भर रात्रच वाटते. या फोटोला त्यांनी नाव दिले ते एवढेच: ‘चंद्रोदय, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’. त्यात एकही विशेषण नाही.

या साध्या नावाचा पुढे उपयोग झाला. फोटो कोणत्या वर्षी काढला हे खुद्द अ‍ॅडम्स यांना नीट आठवत नव्हते, ते निरनिराळी साले सांगत. पण गाव माहीत होते आणि फोटोत चंद्राची जागा स्पष्ट होती. त्यावरून गणित करून डेनिस डी चिको या आकाश-अभ्यासकाने १९९१ मध्ये दाखवून दिले, की तो १ नोव्हेंबर १९४१ रोजी दुपारी ४ वाजून ४९ मिनिटांनी काढला होता. तेव्हा रात्र झालेलीच नव्हती, पण नावात ‘रात्र’ हा शब्दही नाही. फोटोत आकाश काळे झाले तरी नाव खोटे ठरले नाही, ते याचमुळे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. आमच्या वर्गातल्या एका मित्राने कोजागिरीला गंगाखेडच्या घाटावर फोटो काढला. फोटोत पायऱ्या आहेत, पाणी आहे, पूर्वेला बोटभर वर आलेला चंद्र आहे आणि पाण्यावर त्याची लांब रेघ आहे. घाटावर एक सतरंजी अंथरलेली आहे आणि तिच्यावर कोणी नाही. बस्स. भित्तिपत्रकासाठी आम्ही ओळी मागवल्या. आलेल्यांपैकी तीन इथे देतो.

पहिली होती: ‘चंद्रकिरणांच्या रुपेरी वर्षावात न्हाऊन निघालेली गोदामाई’. ही ओळ नाशिकच्या, पैठणच्या, नांदेडच्या कोणत्याही फोटोखाली चालेल, हा तिचा पहिला दोष. दुसरा माझ्या दृष्टीने मोठा. आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदामाई म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगाखेड या नावातली गंगा हीच. घरात सगळे गंगा म्हणत असताना कागदावर आले की गोदामाई का लिहावे? छापायचा शब्द वेगळा आणि बोलायचा वेगळा, असे आपण कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून ठरवले?

दुसरी होती: ‘निःशब्द रात्र, अबोल मन’. निःशब्द आहे हे सांगायला यात चार शब्द खर्ची पडले आहेत. आणि पाहणाऱ्याचे मन कसे झाले हे आपण परस्पर ठरवून टाकले, तर त्याच्यासाठी उरले काय?

तिसरी होती: ‘मध्यरात्रीचे चांदणे’. ही आटोपशीर आहे, पण खोटी आहे, आणि खोटेपण फोटोतच दिसते. कोजागिरीचा चंद्र आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. क्षितिजालगत बोटभर उंच असलेला पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला असेल तर ती संध्याकाळ आणि पश्चिमेला असेल तर पहाट. तसेच, बारीक कोरीचा चंद्र पश्चिमेला असलेल्या फोटोखाली मध्यरात्र लिहिता येत नाही, कारण तो लवकर मावळतो. पूर्ण चंद्राच्या फोटोखाली ‘असंख्य तारका’ही लिहू नयेत. भर चांदण्यात बारीक तारे दिसतच नाहीत. खेड्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी रात्रीचे पाणी द्यायला जातात, त्याला चंद्र कुठे असला म्हणजे किती रात्र झाली हे ठाऊक असते. अशा माणसासमोर आपली साहित्यिक ओळ हास्यास्पद होते.

मग लिहावे काय? माझा नियम असा की फोटोत जे दिसते ते लिहू नये, आणि जे वाटावे असे आपल्याला वाटते तेही लिहू नये. फोटोत जे येऊ शकत नाही, असे एक खरे सांगावे. फोटोत जागेचे नाव येत नाही, तिथी येत नाही, आणि आधी काय झाले, नंतर काय होणार हे येत नाही. या फोटोतली रिकामी सतरंजी हेच सांगते. संध्याकाळ आहे, चंद्र आला आहे, दूध आटवायला मंडळी यायची आहेत. म्हणून मी आधी लिहिले: ‘चंद्र उगवला आहे, घाट रिकामा आहे, अजून कोणी आलेले नाही’. यातला चंद्र फोटोत दिसतो, तो काढला. रिकामा घाटही दिसतो, तोही काढला. राहिले ते असे:

‘गंगाखेड, कोजागिरी. अजून कोणी आले नाही.’

यात कोजागिरी हा शब्द मोलाचा आहे. जपानी हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असतो. तिथे नुसते ‘चंद्र’ म्हटले तरी तो शरदातला चंद्र समजतात. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, पण ऋतूचे ओझे एकट्याने उचलणारे शब्द आपल्याकडे आधीपासून होतेच. कोजागिरी म्हटले की आश्विन, संपलेला पाऊस, गारवा आणि दूध हे सगळे न सांगता येते. आणि त्या शब्दाच्या पोटात ‘को जागर्ति’, म्हणजे कोण जागे आहे, हा प्रश्न आहेच. त्याच्यापुढे ‘अजून कोणी आले नाही’ हे आपोआप उत्तरासारखे बसते. ते कोणाच्या लक्षात आले तर बरे, नाही आले तरी ओळ अडत नाही.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. आईला वाचता येत नाही. मी तिला तो फोटो दाखवून चारही ओळी वाचून दाखवल्या. पहिल्या दोन तिने गाण्यासारख्या ऐकून घेतल्या. ‘मध्यरात्री’ला म्हणाली, “आत्ता तर उगवलाय की.” माझ्या ओळीला काही म्हणाली नाही. फोटो पुन्हा हातात घेतला आणि विचारले, “कोण यायचं हाय?” मला एवढेच हवे होते. ओळ ऐकून माणूस फोटोकडे परत वळला, तर ओळीने काम केले.

मंडळातल्या काहींचे म्हणणे असे की ही ओळ फारच साधी आहे, वार्षिकांकाच्या दर्जाला शोभत नाही. त्यांना माझे उत्तर असे, की हा अंक आपल्याबरोबर आपल्या घरीही जातो. गावाकडच्या घरात तो कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवतो. त्या घरात आधीपासून ‘टिपूर चांदणं’ आहे, ‘पिठासारखं चांदणं’ आहे, चंद्राभोवतीच्या कड्याला ‘खळं’ हा नेमका शब्द आहे. हे शब्द आपण दाराबाहेर ठेवले आणि ‘रजनी’ला आत घेतले, तर दर्जा वाढत नाही, ऐकणारे कमी होतात.

माझ्या नियमाला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. सगळेच फोटो असे काही सुचवत नाहीत. ज्यात नुसता चंद्र आणि आकाश आहे, त्याला आधी आणि नंतर नसते. तिथे ओढूनताणून अर्थ आणू नये. गाव आणि तिथी लिहावी, पूर्णविराम द्यावा आणि थांबावे.