चार शेळ्यांचा हिशेब

दोन एकर कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या कुटुंबाला जोडधंदा म्हणून शेळ्या पाळण्याचा सल्ला सर्वजण देतात. किती शेळ्या पाळाव्यात आणि त्या कोणी सांभाळाव्यात, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते या धंद्याचे यशापयश या दोन प्रश्नांवरच अवलंबून असते.

मराठवाड्यातील उस्मानाबादी शेळीचे उदाहरण घेऊ. तिचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा असतो. नीट सांभाळली तर ती दोन वर्षांत तीनदा विते आणि जुळी करडे देणेही या जातीत नेहमीचे आहे. प्रत्येक वेतास सरासरी दीड करडू धरले, तर चार शेळ्यांपासून वर्षाला नऊ करडे होतात. त्यांपैकी दोन दगावली आणि एक पाट कळपासाठी ठेवली, तर विक्रीस सहा उरतात. आठ-नऊ महिन्यांत प्रत्येकाचे वजन १८ किलो भरले आणि जिवंत वजनाचा भाव किलोला ३०० रुपये धरला, तर ३२,४०० रुपये हाती येतात. खुराक, लसी आणि औषधे यांवर ११,००० रुपये खर्च धरला, तर सुमारे २१,००० रुपये शिल्लक राहतात. चारा घरचा आणि मेहनतही घरचीच, असे यात गृहीत आहे.

आता याच हिशेबात आणखी तीन करडे दगावली असे समजा. उत्पन्नातून १६,२०० रुपये वजा होतात आणि खर्च जवळपास तेवढाच राहतो. वर्षभराच्या कष्टाचे पाच हजारच उरतात. म्हणून नफा शेळ्यांच्या संख्येपेक्षा जगलेल्या करडांवर मोजावा. जन्मल्यानंतर पहिल्या तासाभरात करडाला आईचा चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगाशी झुंजण्याची त्याची पहिली शक्ती त्यातूनच येते. नाळेला आयोडीन लावावे आणि पावसाळ्यात करडांना ओल्या जमिनीवर बसू देऊ नये. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की पीपीआरची लस टोचून घ्यावी. ताप, नाकातून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि दुर्गंधीयुक्त हगवण ही या रोगाची लक्षणे होत. तो कळपात शिरल्यावर लस शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. नवे कोवळे गवत भरपूर खाल्लेले धष्टपुष्ट करडू सकाळी अचानक मेलेले आढळले, तर पहिला संशय याच रोगाचा घ्यावा.

शेळ्यांची संख्या ठरवताना जुलैतील हिरवळ पाहून मोह होतो. परंतु ती संख्या मे महिन्याने ठरवावी. एका शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा आणि किलोभर वाळला चारा लागतो. वाळला चारा सोयाबीन व तुरीच्या भुसकटातून भागतो. अडचण उन्हाळ्यातील हिरव्या पाल्याची असते. त्यासाठी बांधावर सुबाभूळ आणि शेवरी लावावी, कारण त्यांची मुळे खोल जातात आणि पाला उन्हाळ्यातही मिळतो. मात्र सुबाभळीतील मायमोसिन या द्रव्यामुळे तिचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये; शेळीचे केस गळू लागले तर प्रमाण चुकले असे समजावे. बांध चार शेळ्यांपुरता असेल, तर कर्ज काढून वीस शेळ्या आणणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात पडेल त्या भावाने त्या विकण्याची तयारी करणे होय.

विक्री करताना व्यापारी उक्ता सौदा मागतो. १८ किलोचे करडू नजरेने १५ किलोचे ठरले, तर एका नगामागे ९०० रुपये जातात आणि सहा नगांमागे ५,४००. चार घरांनी मिळून घेतलेला एक ताणकाटा हे नुकसान टाळू शकतो.

आता दुसरा प्रश्न. वरच्या हिशेबात ‘घरची मेहनत’ फुकट धरली आहे. पुष्कळ घरांत ती मेहनत दहा-बारा वर्षांच्या मुलीची असते. आई मजुरीला जाते आणि मुलगी शेळ्यांमागे. तसे असेल, तर त्या २१,००० रुपयांत तिच्या बुडालेल्या शाळेची किंमत लपलेली आहे. चार शेळ्यांना मात्र दिवसभर राखणदार लागतोच असे नाही. सकाळी बांधावरचा पाला तोडून गव्हाणीत टांगावा, संध्याकाळी घरातील मोठ्या माणसाने दोन तास चारून आणावे आणि उरलेला वेळ शेळ्या गोठ्यात राहाव्यात. वीस शेळ्यांना ही व्यवस्था पुरत नाही. तेथे कोणाला तरी दिवस द्यावा लागतो आणि घरात तो बहुधा सर्वांत लहान माणसाकडून घेतला जातो. म्हणूनच कोरडवाहू कुटुंबाने चार शेळ्यांनी सुरुवात करावी आणि संख्या वाढवण्यापूर्वी बांधावरील झाडे वाढवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जोडधंद्यासाठी मुलीला शाळा सोडावी लागते, त्याच्या शिलकेला मी उत्पन्न मानत नाही.