घमेल्यातला वणवा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने मोठ्या हौसेने मला एक चलच्चित्र दाखवले. सारे तिच्या हातचे. खेड्यातली रात्र, खळ्यावर गवताची गंजी, आणि कोणीतरी आकसाने ती पेटवून दिलेली. माणसे धावताहेत, कुत्री भुंकताहेत, आणि मध्ये ती गंजी धडधडून जळते आहे. आगीसाठी पोरीने कष्टांची पराकाष्ठा केली होती. एकेका चित्रात तीस-तीस ज्वाळा, प्रत्येक ज्वाळेला पिवळी, नारिंगी आणि तांबडी अशी तिहेरी किनार.

"मामा, कशी वाटली आग?" तिने विचारले.

मी म्हटले, "सुरेख आहे. पण ही घमेल्यातली शेकोटी आहे. गंजी कुठे पेटली आहे?"

ती रुसली. शेजारी बसलेले तिचे दोन कलावंत मित्र माझ्यावर तुटून पडले. त्यांच्या मते आग लहान वाटत असेल तर तपशील अपुरा आहे. आणखी ज्वाळा भराव्यात, ठिणग्या उडवाव्यात, हालचाल अधिक चपळ करावी. हे मत त्या दोघांचेच असते तर मी गप्प बसलो असतो. पण आग, धूर आणि पाणी रेखाटणाऱ्या दहांतल्या आठ जणांचे हेच मत असते, आणि ते साफ चुकीचे आहे. म्हणून हा कलह वाचकांच्या दारी आणला आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो: आगीचा मोठेपणा रेषांनी दिसत नाही, तो वेळाने दिसतो.

आधी थोडा हिशेब सांगायला हवा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हाताने काढलेल्या चित्रपटात बहुधा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. भाचीने आगीची सहा चित्रे काढून तीच फिरवत ठेवली होती. सहा चित्रे म्हणजे १२ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. तिची आग दर अर्ध्या सेकंदाला एकदा उसळत होती.

आता खरी आग काय करते ते पाहा. जळत्या वस्तूवरून तापलेली हवा एकसारखी वाहत नाही, ती लोटांनी वर जाते. बुडाशी एक फुगवटा येतो, तो कडेकडेने वर सरकतो, मागून दुसरा येतो. हे लोट किती वेळाने येतात हे आगीच्या रुंदीवर ठरते, आणि आग अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी ते मोजून ठेवले आहे. साधारण एक मीटर रुंदीची होळी सेकंदाला दीड वेळा उसळते. म्हणजे एका उसळीला १६ फ्रेम. चार मीटर रुंदीच्या आगीला ३२ फ्रेम लागतात. सोळा मीटरच्या आगीला ६४. आग चौपट रुंद झाली की उसळीचा वेळ दुप्पट होतो. हाच हिशेब उलट लावला तर १२ फ्रेमची उसळी अर्ध्या मीटरच्या आसपास रुंदीच्या आगीची ठरते. घमेले असते तेवढेच! मी थट्टा केली नव्हती, माप सांगितले होते.

प्रेक्षकाला हे गणित ठाऊक नसते हे कबूल. पण त्याने चुलीतला जाळ पाहिलेला असतो आणि होळीही पाहिलेली असते. लहान जाळ लवलवतो, मोठा जाळ संथपणे अंग उचलतो, हे त्याच्या डोळ्यांत मुरलेले असते. म्हणून ज्वाळा चपळ केल्या की आग भडकलेली न वाटता लहान वाटते. माझ्या प्रतिपक्षाचा उपाय रोग वाढवणारा आहे तो असा.

पाण्याचीही हीच गोष्ट, आणि तिथला हिशेब तर घरबसल्या करता येतो. विहिरीत पोराने उडी मारली आणि पाणी १२० सेंटिमीटर उंच उसळले असे धरू. वर फेकलेला थेंब आणि वरून टाकलेला दगड एकाच नियमाने चालतात; तेव्हा या पाण्याला वर जायला अर्धा सेकंद आणि खाली यायला अर्धा सेकंद लागतो. १२ फ्रेम वर, १२ फ्रेम खाली. दोन-दोन फ्रेमना एक, अशी वर जाण्याची सहा चित्रे झाली. पहिल्या चित्रात पाणी ३७ सेंटिमीटर चढलेले असते, दुसऱ्यात ६७, मग ९०, १०७, ११७ आणि शेवटी १२०. आरंभी केवढी झेप आणि माथ्याशी केवढी रेंगाळ! नवशिका ही चित्रे सारख्या अंतरावर काढतो आणि मग त्याचे पाणी वर ढकललेल्या पिठाच्या गोळ्यासारखे दिसते.

आकार अगदी साधे पुरतात. पोरगा पाण्याला टेकण्यापूर्वी काहीही उसळू द्यायचे नाही. तो बुडताच दोन्ही बाजूंना बाहेर कललेली पाण्याची पातळ भिंत काढायची, काठ पसरलेल्या वाडग्यासारखी. माथ्याजवळ आली की तिच्या कडेला बोटे फुटतात, बोटांच्या टोकाचे थेंब सुटतात, आणि भिंत ताणून पातळ झाल्यामुळे तिला भोके पडतात. ती भोके मोठी होत गेली की भिंतीचे धागे होतात आणि धागे खाली पडतात. भिंत आली तशीच खाली गेली तर चित्रपट उलटा फिरवल्यासारखे दिसते. चूक झाली हे तिथेच ओळखावे.

आता हीच चित्रे, एकही रेषा न बदलता, आणखी मधली चित्रे घालून चार सेकंदांत दाखवा. दोन सेकंद वर, दोन खाली. तेवढा वेळ हवेत राहायला पाणी जवळजवळ वीस मीटर उंच उडावे लागते. पोरगा मनात सहामजली इमारतीएवढा होतो, विहिरीचा समुद्र होतो! रेषा तीच, वेळ निराळा.

प्रतिपक्ष म्हणेल, हे कागदी तर्कट आहे. मग सिनेमावाल्यांची जुनी युक्ती ऐका. खरे गलबत जाळणे परवडत नाही, म्हणून लहान प्रतिकृती जाळतात. पण ती नेहमीच्या वेगाने टिपली तर खेळणे जळताना दिसते. म्हणून प्रतिकृती चौथाई मापाची असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने चालवतात आणि सोळाव्या हिश्श्याची असेल तर चौपट वेगाने, सेकंदाला ९६ फ्रेम. पडद्यावर ती संथ होते आणि मोठी होते. चौपटीला दुप्पट, हाच तो नियम. फोटोत तपशिलाला तोटा नसतो, तरी वेळ चुकला की फोटोतली आगही खोटी पडते. मग पेन्सिलीने तपशील भरून काय साधणार?

चितारलेल्या चित्रपटातलाही दाखला आहे. लुसिटानिया हे प्रवासी जहाज १९१५ साली जर्मन पाणबुडीने बुडवले. त्या वेळी तिथे कॅमेरा नव्हता. म्हणून विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने ती घटना हाताने रेखाटली आणि १९१८ साली पडद्यावर आणली. त्यातला धुराचा लोट पाहावा. तो घाई करत नाही. आतून उमलत, कडांनी खाली वळत, आपल्याच अंगावर लोळत वर चढतो, आणि त्या संथपणामुळे खालचे जहाज अजस्र होते.

धुराबद्दल एवढेच जोडतो की त्याचा स्वभाव ज्वाळेच्या उलट आहे. ज्वाळा टोकाशी निमुळती होऊन तुटते आणि तुटलेला तुकडा दोन-चार फ्रेममध्ये नाहीसा होतो. धूर वर जाताना मंदावतो, फुगतो आणि शेवटी भोके पडून विरतो. धुराचा गोळा आकसत आकसत नाहीसा केला तर तो धूर न राहता हवा गेलेला फुगा होतो.

एक आक्षेप मात्र मी मानतो. हा नियम सगळीकडे लागू नाही. पणतीची ज्योत बिनवाऱ्यात जवळजवळ स्थिर असते, आणि अगदी बारीक थेंबांवर वजनापेक्षा पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता अधिक चालते. शिवाय विनोदी चित्रात कोणी आग नाचवली तर मी काठी घेऊन धावणार नाही. पण अतिशयोक्ती करणाऱ्याला आपण कशाच्या पलीकडे जातो आहोत हे ठाऊक असावे. आणि "आता हे सारे संगणकच करतो" असे म्हणणाऱ्यांना सांगतो की संगणकालाही आग किती मीटरची हे माणूसच सांगतो. ते चुकले की त्याचाही समुद्र न्हाणीघरातला दिसतो.

भाचीचा रुसवा दोन दिवसांनी गेला, आणि आम्ही गंजी पुन्हा पेटवली. गंजी चार मीटरची, म्हणजे उसळीला ३२ फ्रेम, म्हणजे १६ चित्रे. जुनीच सहा चित्रे जास्त वेळ थांबवून भागत नाही, आग अडखळते. मधली चित्रे काढावीच लागतात. तीस ज्वाळा पुसून आम्ही तीन मोठे आकार ठेवले, डावीकडचे आणि उजवीकडचे फुगवटे मुद्दाम वेगवेगळ्या वेळी सोडले. कडेच्या लहान जिभा आणि ठिणग्या मात्र चपळच ठेवल्या, कारण मोठ्याचा वेळ मोठा तसा लहानाचा लहान.

मग कागद चाळून पाहिले. एका खाचेवर बोट ठेवायचे आणि चित्रामागून चित्र तिचा माग काढायचा. खाच बुडापासून शेंड्याकडे सरकत गेली तर आग. वर जाऊन पुन्हा खाली आली, किंवा नुसती डावी-उजवीकडे झुलली, तर ते वाऱ्यावरचे निशाण. पहिल्या खेपेला आमच्या दोन खाचा खाली आल्या. त्या दुरुस्त केल्या.

तिच्या मित्रांनी नवी गंजी पाहिली. एकजण म्हणाला, "ज्वाळा वाढवल्यात ना? मी म्हटलेच होते." भाचीने माझ्याकडे पाहिले. तिने सत्तावीस ज्वाळा कमी केल्या होत्या.