सर्दीत धावायचे का? आधी ताप मोजा, गोळी नंतर

नगर शहरातले वाडिया पार्क असो की एखाद्या गावाबाहेरचा डांबरी रस्ता, थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतील ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यातून मिळतात. त्यामुळे एक दिवसाचा खाडाही जिवावर येतो. नेमक्या याच दिवसांत नाक वाहू लागते. मग कोणी सांगते, ‘घाम काढ, सर्दी पळेल’. घरचे म्हणतात, ‘आठ दिवस अंथरुणातून उठू नकोस.’ दोन्ही सल्ले अपुरे आहेत.

क्रीडावैद्यकात यासाठी एक सोपा नियम वापरतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणे, चोंदणे, शिंका, घशात थोडी खवखव, तर हलका व्यायाम चालतो. त्रास मानेखाली उतरला असेल, म्हणजे छातीतून येणारा खोकला, धाप, घरघर, अंगदुखी, उलटी, जुलाब, तर विश्रांती. ताप मानेवरचा की खालचा, हा प्रश्नच नाही. ताप असेल तर मैदान बंद.

अमेरिकेतील बॉल स्टेट विद्यापीठात १९९०च्या दशकात हे तपासून पाहिले गेले. स्वयंसेवक विद्यार्थ्यांना साध्या सर्दीच्या विषाणूची मुद्दाम लागण केली. काहींनी दिवसाआड ४० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम केला, काहींनी केला नाही. दोन्ही गटांत सर्दीची तीव्रता आणि दिवस जवळपास सारखेच निघाले. म्हणजे व्यायामाने सर्दी वाढली नाही. पण ती लवकर बरीही झाली नाही. घामाने सर्दी पळते, या समजुतीला आधार मिळाला नाही. शिवाय ही सर्दी सौम्य होती आणि व्यायाम मध्यम होता. जीव तोडून मारलेल्या स्प्रिंटला हा निष्कर्ष लावता येत नाही.

या नियमाला सर्वांत मोठा दगा देते ती सर्दीची गोळी. दुकानात मिळणाऱ्या अशा बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. ते ताप उतरवते आणि अंगदुखी दाबते, म्हणजे नियम ज्या खुणांवर चालतो त्याच पुसून टाकते. हा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. नाक मोकळे करणारे औषध नाडी आणि रक्तदाब वाढवू शकते, तर शिंका थांबवणारे औषध सुस्ती आणते.

समजा, एका मुलाची चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. पहाटे उठल्यावर नाक वाहते, अंग किंचित कसकसते. पाच वाजता गोळी घेतली, साडेपाचला बरे वाटले, सहाला तो मैदानावर. त्याला वाटते, त्रास मानेवरचाच आहे. प्रत्यक्षात ताप फक्त झाकलेला असतो. त्याने आधी थर्मामीटर लावायला हवा होता. पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर सुट्टी. पारा त्याखाली असला तरी अंग दुखत असेल किंवा अंथरुणातच मोजलेली नाडी रोजच्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी जास्त असेल, तरीही सुट्टीच. यातले काहीच नसेल, तर दहा मिनिटे निम्म्या वेगाने धावून पाहावे. डोके हलके झाले, तर त्याच संथ वेगाने पुढे जावे. ठणकू लागले, तर घरी परतावे.

ही सावधगिरी हृदयासाठी आहे. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. अशी लागण झालेल्या उंदरांना बळजबरीने पोहायला लावले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे नुकसान वाढल्याचे जुन्या प्रयोगांत दिसले. माणसांत ही गुंतागुंत विरळ आहे, पण ती कोणाला होईल हे आधी कळत नाही. सर्दी-तापानंतर छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या अंतरावर विचित्र धाप जाणवली, तर डॉक्टरांकडे जावे.

दमेकऱ्यांसाठी हा नियम पुरेसा नाही. त्यांची मानेवरची सर्दी एका रात्रीत छातीत उतरू शकते. तालमीत कुस्ती खेळणाऱ्यांनी स्वतःला त्रास होत नसला तरी पहिले दोन-तीन दिवस जोडीदाराशी झोंबू नये. लागण तेव्हाच जास्त पसरते.

ताप गेल्यावर गोळीशिवाय एक पूर्ण दिवस कोरडा जाऊ द्यावा. मग पहिल्या दिवशी निम्मे अंतर संथ धावावे आणि तीन-चार दिवसांत नेहमीच्या वेगावर यावे. तीन आठवडे हातात असताना चार दिवसांच्या विश्रांतीने कमावलेला दम जात नाही. तापात धावून आजार लांबवला, तर मात्र चाचणीचा दिवसच हातचा जाऊ शकतो.