परिवीक्षाकाळ आणि भविष्य निर्वाह निधी

“नवा माणूस सहा महिने टिकला, तरच त्याचे नाव निधीत घालावे,” ही अनेक पेढ्यांवरील जुनी रीत. १९९० पूर्वी नियमातच प्रतीक्षाकाळ होता. ही रीत त्याचाच अवशेष असावी. आज मात्र वीस वा अधिक माणसांच्या आस्थापनेत रुजू होण्याचा दिवस हाच सभासदत्वाचा दिवस होय. नेमणूक कायम झाली की नाही, हा प्रश्न गौण आहे. वेतन १५,००० रुपयांहून अधिक आणि पूर्वीचे सभासदत्व नाही, अशा व्यक्तीस तेवढी सूट मिळते.

समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये असलेल्या माणसाचे नाव सहा महिने घातलेच नाही. मालक आणि नोकर यांचा प्रत्येकी वाटा दरमहा १,६८० रुपये, म्हणजे थकबाकी २०,१६० रुपये. मागील महिन्यांचा नोकराचा वाटा पुढील पगारातून कापता येत नाही. तोही मालकाच्याच माथी येतो. व्याज आणि दंड निराळे.

कर्मचारी राज्य विमा दहा माणसांपासून, २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनास लागू होतो. आजारपणाचा भत्ता काही काळ वर्गणी भरल्यावर मिळतो. कामावरील अपघाताचे संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून असते. गुदामात दुसऱ्याच दिवशी अंगावर पोते कोसळले आणि नोंदणी राहून गेलेली असली, तर दिलेल्या लाभाची रक्कम महामंडळ मालकाकडून वसूल करू शकते.